प्लेटलेट 14 हजार: पिशवीआधी काचपट्टी

प्रश्न: मी रावेरची. 6 वर्षांच्या मुलीच्या नडग्यांवर बारीक लाल ठिपके आहेत, मांडीवर न लागता काळेनिळे डाग आहेत. प्लेटलेट 14 हजार आल्या. आता ताप नाही, 2 आठवड्यांपूर्वी सर्दी-ताप होता. घरचे म्हणतात पिशवी चढवा. काय करू?

ताई, बालरोगतज्ज्ञांना आजच दाखवा, उद्यावर टाकू नका. मी भुसावळला लॅबमध्ये 22 वर्षं रक्त तपासतोय, माझ्या भाच्यालाही हेच झालं होतं.

आधी ठिपक्यांवर पारदर्शक ग्लास दाबून बघा. साधी पुरळ फिकी पडते, त्वचेखाली झिरपलेलं रक्त तसंच दिसतं. रक्त गोठवणारे घटक कमी असले की बहुधा सांधे सुजतात, खोल गाठी येतात. असे बारीक ठिपके प्लेटलेटकडेच बोट दाखवतात.

मग रिपोर्टमधल्या बाकीच्या आकड्यांकडे या. भाच्याच्या प्लेटलेट 9 हजार होत्या, पण हिमोग्लोबिन 11.6 आणि पांढऱ्या पेशी 8,200, म्हणजे दोन्ही ठीक. तरी मी मशीनच्या आकड्यावर थांबलो नाही. कधीकधी नळीतल्या औषधामुळे प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीन कमी मोजतं. म्हणून काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गठ्ठे नव्हते, प्लेटलेट खरंच तुरळक होत्या, त्यातल्या काही मोठ्या. विचित्र पांढऱ्या पेशी एकही नव्हती. डॉक्टरांनी आयटीपी सांगितलं: विषाणूशी लढताना शरीराने चुकून स्वतःच्या प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली होती.

पिशवीचा उपयोग म्हणूनच थोडा. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही तीच प्रतिपिंडं संपवतात. जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तर मात्र देतात. भाच्यावर नुसतं लक्ष ठेवलं; आठवड्याने 15 हजार, तिसऱ्या आठवड्यात 48 हजार, सातव्यात 1 लाख 70 हजार. बहुतेक मुलं 6 महिन्यांत अशीच बरी होतात. काहींना औषध लागतं, ते रक्तस्राव बघून ठरतं.

एक मात्र कळकळीने सांगतो: काचपट्टी तज्ज्ञाने पाहण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइड सुरू करू नका. रक्ताचा कर्करोग असेल तर तो त्याने काही काळ झाकला जातो. हाडं दुखणं, ताप राहणं, मानेत गाठी, हिमोग्लोबिनही घसरलेलं, असं काही असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.

गावातल्या दवाखान्यात कमरेवर इंजेक्शन घेऊ देऊ नका, तिथे आत रक्त साचतं. आयब्रुफेन, ॲस्पिरिन नको. पपईच्या पानांच्या रसावर दिवस घालवू नका. सायकल, झाडावर चढणं तूर्त बंद.

जोराचं डोकं दुखून उलटी, गुंगी, 15 मिनिटं दाबूनही न थांबणारं नाक, काळं शौच किंवा लाल लघवी दिसली तर रात्री 2 वाजले असले तरी गाडी काढा आणि थेट जळगावच्या मोठ्या रुग्णालयात जा. ठिपक्यांसोबत पुन्हा ताप आला तरीही तसंच. निघताना रिपोर्ट पिशवीत टाका.