दहा वर्षांचं उत्पन्न आज कितीला घ्यावं?

चाकणजवळचा चालू वजनकाटा दहा वर्षांच्या करारावर मिळतोय. खर्च वजा जाता वर्षाला १२ लाख सुटतात. एजंट म्हणतो, दहा वर्षांत १ कोटी २० लाख येणारच, तुम्हाला १ कोटीत देतो. घ्यावा का?

या भावाला नको. असले हिशेब माझ्याकडे दर आठवड्याला येतात. कधी काटा असतो, कधी पार्किंग, कधी होर्डिंगची जागा. बारा गुणिले दहा केलं की जणू काम झालं.

काट्यावर ट्रक दिवसरात्र येतात, पावत्या फाटत राहतात. म्हणून उत्पन्न सलग वाहतंय असं धरायचं आणि प्रत्येक रुपया तो येईल त्या क्षणापासून आजपर्यंत मागे आणायचा. तुमचा पैसा इतरत्र, एवढ्याच जोखमीत, सतत चक्रवाढीने १० टक्के मिळवू शकतो असं समजू. मग आज येणारा रुपया पूर्ण रुपया, पाच वर्षांनी येणारा आजचे ६१ पैसे आणि दहाव्या वर्षाअखेरचा फक्त ३७ पैसे. या सगळ्यांची बेरीज अशी होते:

PV = (R/r)(1 − e^(−rT))

PV म्हणजे आजचं मोल, R म्हणजे वर्षाचे १२ लाख, r म्हणजे दर, इथे ०.१०, T म्हणजे १० वर्षं आणि e म्हणजे २.७१८ हा ठरलेला आकडा. R/r झाले १ कोटी २० लाख, कंसातला आकडा ०.६३२. उत्तर सुमारे ७५ लाख ८५ हजार.

आता R/r कडे नीट बघा. वर्षाला १२ लाख कायमचे, अगदी नातवंडांपर्यंत मिळणार असते, तर १० टक्के दराने त्यांचं आजचं मोल तेवढंच झालं असतं. एजंट दहा वर्षांच्या करारावर कायमच्या मालकीचा आकडा दाखवतोय आणि त्यातून २० लाख कमी करून उपकार केल्यासारखं बोलतोय. १ कोटी दिलेत तर तुमच्या पैशावर वर्षाला जेमतेम पावणेचार टक्के सुटतील, कारण दहा वर्षांनी हातात ना काटा राहणार, ना जागा.

शिवाय ‘१२ लाख सुटतात’ हे कोणाच्या वहीतलं? मालक स्वतः काट्यावर बसत असेल तर त्याचा पगार धरलाय का? लोड सेल बदलणं, वैधमापनची पडताळणी, रात्रपाळीचा माणूस हे खर्च त्यात आहेत का? तीन वर्षांची पावतीपुस्तकं आणि बँकेचे उतारे घेऊन तुमच्या सीएकडे जा. त्याआधी टोकनही देऊ नका.

उत्पन्न दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर?

वाढही सतत चक्रवाढीची धरा, तिचा दर g म्हणा आणि सूत्रात r च्या जागी r − g, म्हणजे ०.०४ घाला. वरचाच काटा घेतला तर ९८ लाख ९० हजार येतात, जवळपास मागितलेली रक्कम. म्हणूनच विकणाऱ्याला ही वाढ इतकी प्रिय असते. पावतीचा दर वाढतो तसा पगार आणि दुरुस्तीचा खर्चही वाढतो, आणि शेजारी दुसरा काटा उभा राहिला की वाढ तिथेच थांबते. वाढ धरायचीच तर ती निव्वळ उत्पन्नाची आणि लेखी पुराव्यानिशी.

भाडं महिन्याला येतं. ते ‘सलग’ कसं?

तंतोतंत सलग नाही, पण वर्षाला १२ लाख आणि हाच दर धरला तर महिनाअखेरीच्या हिशेबात दहा वर्षांत फक्त तीसएक हजारांचा फरक पडतो.

माझा दर वार्षिक १० टक्के आहे. तोच घालू?

नाही. वार्षिक १० टक्के म्हणजे सतत चक्रवाढीचे सुमारे ९.५३ टक्के. r म्हणून ०.०९५३ घाला, वरच्या उदाहरणात उत्तर ७७ लाख ३६ हजारांपर्यंत जाईल.

एफडीचा दर डिस्काउंट रेट, म्हणजे सूत्रातला r, म्हणून चालेल का?

एफडीइतकंच खात्रीचं उत्पन्न असेल तरच. धंद्याचं उत्पन्न तसं नसतं.

ताबा दीड वर्ष उशिरा मिळणार आहे. भावात किती कमी करून मागू?

करारात काय लिहिलंय त्यावर अवलंबून, आणि नेमकं हेच कोणी वाचत नाही. दहा वर्षं ताब्यापासून मोजणार असतील तर सगळी रक्कम दीड वर्ष पुढे ढकलली जाते, म्हणजे e^(−०.१५) ने गुणायचं. वरच्या काट्याचे ७५ लाख ८५ हजार तेव्हा ६५ लाख ३० हजारांच्या आसपास येतात. पण मुदत सहीच्या तारखेपासून मोजणार असतील तर पहिली दीड वर्षं कायमची गेली. सगळ्यांत कमी कापले गेलेले रुपये तेच होते, त्यामुळे उरतात जेमतेम ५९ लाख १४ हजार. एका तारखेपायी सहा लाखांहून जास्त फरक पडतो. ‘ताबा लवकरच’ हे शब्द मसुद्यात असतील तर तो वकिलाला दाखवून मुदतीची सुरुवात ताब्याच्या तारखेला बांधून घ्या. त्याला समोरचा तयार नसेल तर ५९ लाखांच्या आकड्यापासूनच बोलणी करा.