साठ हजारांचा तोटा, छप्पन्न हजारांचा कर

प्रश्न: "२०२५-२६ मध्ये एक क्रिप्टो कॉइन ३ लाखांना घेतला. तो ४ लाख ८० हजारांचा झाल्यावर विकला नाही, फक्त देऊन दुसरा कॉइन घेतला. दुसरा पडला, शेवटी २ लाख ४० हजारांना विकून टाकला. ६० हजार गेले. पगार ८ लाख आहे, बाकी काही नाही. टॅक्सचं ॲप ५६,१६० रुपये भरा म्हणतंय. हिशेब चुकलाय ना?"

हिशेब चुकलेला नाही. मी गेली काही वर्षं लोकांची विवरणपत्रं भरून देतो, आणि हुबेहूब तुमच्यासारखं प्रकरण दर जुलैत एक तरी समोर येतं. प्रत्येक वेळी ही बातमी सांगताना वाईट वाटतं, कारण माणसाने काही लपवलेलं नसतं. त्याला एवढंच माहीत नसतं की कॉइन देऊन कॉइन घेतला त्या क्षणीच कर लागला.

तुमची समजूत "विकला नाही, फक्त" या तीन शब्दांत अडकली आहे. पैसे बँकेत आले की विक्री झाली, असं आपण धरतो. आयकर कायदा हस्तांतरण बघतो, आणि अदलाबदल हेही हस्तांतरणच आहे. घर देऊन घर घेतलं तरी पहिलं घर विकल्यासारखंच मोजतात, तसंच हे. त्यामुळे कायद्याच्या नजरेत तुम्ही दोन वेगळे व्यवहार केलेत. पहिल्यात ३ लाखांची वस्तू ४ लाख ८० हजारांना दिलीत आणि १ लाख ८० हजारांचा नफा कमावलात. त्याच क्षणी दुसरा कॉइन तुमच्या नावावर ४ लाख ८० हजारांना खरेदी झाला. दुसऱ्या व्यवहारात तो २ लाख ४० हजारांना गेला, म्हणजे २ लाख ४० हजारांचा तोटा. दोन्हींची बेरीज केली की तुमचे उणे ६० हजार येतात. पण ही बेरीज करायलाच कायद्याने बंदी घातली आहे.

ती बंदी कलम ११५बीबीएचमध्ये आहे. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२२ पासूनच्या व्यवहारांना लागू झालं. आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टोसारख्या मालमत्तेच्या, हस्तांतरणातून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. वजावट एकच, ती म्हणजे खरेदीची किंमत. विक्रीवरची फी, कॉइन एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवण्याचा खर्च, इंटरनेटचं बिल, सल्लागाराची फी यातलं काहीही वजा होत नाही.

तोट्याबद्दलच्या एका शब्दाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मूळ विधेयकात लिहिलं होतं की हा तोटा कायद्याच्या "इतर" कोणत्याही तरतुदीखालच्या उत्पन्नातून वजा होणार नाही. त्या "इतर"मुळे आम्हा लोकांना वाटलं होतं की या कलमाच्या आत तरी एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होईल. २१ मार्चला अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत लेखी उत्तरात सांगितलं की एका मालमत्तेचा तोटा दुसऱ्या मालमत्तेच्या नफ्यातून वजा करता येणार नाही. २५ मार्चला लोकसभेने विधेयक दुरुस्त्यांसह मंजूर केलं, त्यात तो "इतर" काढून टाकला होता. आता कोणत्याही तरतुदीखालच्या उत्पन्नातून हा तोटा वजा होत नाही, आणि याच कलमाखालचं उत्पन्न त्यात आपोआप आलं. तोटा पुढच्या वर्षाकडे ओढून नेण्याची सोयही नाही. उलट बाजूचं दारही बंद आहे, म्हणजे शेअर बाजारातला किंवा धंद्यातला तोटा क्रिप्टोच्या नफ्यातून वजा होत नाही.

आता तुमचे आकडे. फी आणि इतर किरकोळ फरक सोडून देतो, ते तुमच्या स्टेटमेंटमध्ये मिळतील. पहिल्या व्यवहाराचा नफा १,८०,०००. त्याचे ३० टक्के ५४,०००. त्यावर ४ टक्के उपकर २,१६०. एकूण ५६,१६०. दुसऱ्या व्यवहारातून उत्पन्न शून्य. म्हणजे ३ लाख गुंतवून कर भरल्यावर तुमच्याकडे १,८३,८४० उरतात. बाजाराने ६० हजार नेले, कर धरून खरा तोटा १,१६,१६० रुपयांचा.

पुढचा प्रश्न नेहमी हाच येतो: नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही ना, मग? तुमच्या पगारावर तो खरंच लागत नाही. ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि कलम ८७अ ची सूट मिळून तिथला कर शून्य होतो. पण २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत ही सूट विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर मिळत नाही, आणि क्रिप्टोचा नफा त्यातलाच आहे. ज्याला दुसरं काहीच उत्पन्न नाही त्यालाही हा कर पहिल्या रुपयापासून लागतो, कारण मूलभूत करमुक्त मर्यादा या नफ्याला वापरता येत नाही. घरी बसलेल्या एका विद्यार्थ्याचं विवरणपत्र मी भरलं होतं. वर्षभरात २० हजारांचा नफा, बाकी उत्पन्न काही नाही, तरी ६,२४० रुपये भरावे लागले.

आता थोडी बरी बातमी. व्यवहार भारतीय एक्स्चेंजवर झाले असतील तर कलम १९४एसखाली १ टक्का टीडीएस आधीच कापला गेला असेल. तो नफ्यावर कापत नाहीत, मिळालेल्या पूर्ण मोबदल्यावर कापतात. त्यामुळे तोट्यातल्या विक्रीवरही तो बसतो. तुमच्या बाबतीत अदलाबदलीच्या वेळी ४,८०० आणि शेवटच्या विक्रीला २,४००, असे साधारण ७,२०० रुपये. तुमच्या नावावर कापलेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये ते दिसले पाहिजेत. ५६,१६० मधून ते वजा केले की ४८,९६० उरतात. परदेशी प्लॅटफॉर्मवर व्यवहार केला असेल तर बहुधा काहीच कापलेलं नसेल, तेव्हा पूर्ण रक्कम तुम्हालाच भरायची आहे.

यावर थोडं व्याजही लागेल. टीडीएस वजा जाता १० हजार किंवा त्याहून जास्त कर शिल्लक असेल तर तो आगाऊ भरायचा असतो, आणि तुम्ही तो ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलेला नसेल असं मी धरतो. कलम २३४बीनुसार एप्रिलपासून दरमहा १ टक्का. जुलैत भरलात तर चार महिन्यांचे १,९५६ रुपये, शिवाय हप्ते चुकल्याचं २३४सीचं थोडं वेगळं. ऑगस्टची एक तारीख उजाडली की आणखी एक पूर्ण महिना मोजला जातो, म्हणून ३१ जुलैच्या आत भरा.

विवरणपत्रात काय करायचं ते नीट वाचा, कारण चूक इथेच होते. आयटीआर-१ चालणार नाही. पगारदाराला आयटीआर-२, धंदा म्हणून दाखवत असाल तर आयटीआर-३. त्यात आभासी डिजिटल मालमत्तेसाठी शेड्यूल व्हीडीए नावाचा तक्ता आहे. प्रत्येक हस्तांतरणाला एक ओळ: घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख, खरेदी किंमत, मिळालेला मोबदला, उत्पन्न. तुमच्या दोन ओळी होतील. पहिलीत ३,००,००० आणि ४,८०,०००, उत्पन्न १,८०,०००. दुसरीत ४,८०,००० आणि २,४०,०००, उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. त्या रकान्यात उणे आकडा चालत नाही.

मी पाहिलेली सर्वात महाग चूक अशी: एका गृहस्थांनी मधली अदलाबदल गाळून एकच ओळ भरली होती. खरेदी मूळ कॉइनची, विक्री शेवटच्या कॉइनची, उत्पन्न शून्य. त्यांच्या मनात ती एकच गुंतवणूक होती, म्हणून त्यांना ते प्रामाणिकपणे बरोबर वाटलं. पण एक्स्चेंजने दोन्ही व्यवहारांवर टीडीएस कापून विभागाला कळवला होता. वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, दोन मोबदले दिसत होते आणि तक्त्यात एकच. वर त्यांनी टीडीएसचं श्रेय मात्र दोन्हींचं मागितलं होतं. नोटीस आली, कर, व्याज सगळं भरावं लागलं. म्हणून विवरणपत्र पाठवण्याआधी एआयएस उघडा आणि १९४एसखालची एकूण रक्कम तुमच्या तक्त्यातल्या मोबदल्यांच्या बेरजेशी ताडून बघा. तुमच्याकडे ती ७,२०,००० च्या आसपास यायला हवी. फार फरक असेल तर एखादा व्यवहार सुटला आहे.

एक्स्चेंजवरून प्रत्येक व्यवहाराची यादी आजच उतरवून ठेवा, रुपयातल्या भावासकट. अदलाबदलीच्या वेळचा भाव हाच तुमच्या दोन्ही ओळींचा पुरावा आहे. प्लॅटफॉर्म बंद पडला तर तो नंतर मिळवताना हाल होतात.

माझं मत विचारलंत तर, ३० टक्के दर मी समजू शकतो. लॉटरीच्या बक्षिसालाही तोच दर आहे. पण त्याच माणसाचा, त्याच वर्षातला, त्याच प्रकारच्या मालमत्तेतला तोटा मोजायचाच नाही हे मला अन्यायाचं वाटतं. कर कमाईवर असावा, आणि तुमच्या हातात या वर्षी कमाई आलेलीच नाही. शेअरमध्ये मार्च संपण्याआधी तोट्यातले शेअर विकून नफ्यावरचा कर कमी करता येतो. तीच सवय घेऊन लोक मार्चअखेरीला पडलेले कॉइन विकतात आणि त्यांना त्यातून एक रुपयाचीही सवलत मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण दर आणि तोट्याचा हा नियम तसाच राहिला आहे.

तुम्ही पहिला कॉइन न बदलता धरून ठेवला असता आणि तोच २ लाख ४० हजारांवर येऊन विकला असता, तर तोटा तेवढाच झाला असता आणि कर शून्य. इथून पुढे अदलाबदल करायचीच असेल तर त्याच दिवशी नफ्याच्या ३१.२ टक्के रुपयांत काढून बाजूला ठेवा. तुमच्या वेळी ते ५६,१६० होते आणि दुसरा कॉइन उरलेल्याचाच घ्यायला हवा होता.