सांबारवडीची कृती हिंदीत कशी लिहू?

प्रश्न: आईची सांबारवडीची कृती हिंदीत करून हवी आहे. ‘सांबार’ आणि ‘परतणे’ला काय लिहू?

उत्तर: आपल्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, पण हिंदी वाचक ‘सांभर’ वाचून इडलीसोबतचीच डाळ समजेल. म्हणून पदार्थाचं नाव ‘सांबारवडी’ तसंच ठेवा आणि साहित्यात ‘हरा धनिया’ लिहा. नुसतं ‘धनिया’ लिहिलं तर धणेही वाटू शकतात. चारोळीला ‘चिरौंजी’, खोबऱ्याला ‘सूखा नारियल’, तिखटाला ‘लाल मिर्च पाउडर’.

खरी गफलत क्रियापदात होते. आपण खसखस, तीळ, खोबरं भाजतो आणि सांबार परततो. हिंदीत दोन्हींना ‘भूनना’ म्हणतात. माझ्या शेजारच्या हिंदीभाषक ताईंनी ‘भूनें’ वाचून सांबार इतका वेळ कढईत ठेवला की तो काळपट झाला, वासही गेला. आता मी भाजण्याला ‘बिना तेल के, धीमी आँच पर भूनें’ लिहिते आणि परतण्याला ‘गरम तेल में एक-दो मिनट चलाएँ, पत्ते नरम पड़ते ही आँच बंद करें’. एका शब्दाला पूर्ण वाक्य लागलं तरी लागू द्या. पारीच्या ‘मोहना’ला मात्र हिंदीत ‘मोयन’ आहेच.