डेल्टा हेज केला म्हणजे प्रीमियम खिशात आला का?

प्रश्न: एका शेअरचे १,००० स्ट्राइकचे कॉल विकायचा विचार आहे, एकूण १,००० शेअर्सचे. शेअर्स माझ्याकडे नाहीत. भाव आज १,००० आहे, एक्स्पायरीला ३० दिवस आहेत आणि प्रीमियम ३४.३० मिळतोय. डेल्टा ०.५१७ दिसतो. म्हणून ५१७ शेअर्स घेऊन ठेवले की भाव कुठेही जावो, ३४,३०० माझेच, असा हिशेब आहे. बचतीतले सहा लाख यात लावू का?

उत्तर: नको. भाव एकाने हलला की कॉल किती हलतो ते डेल्टा सांगतो. तो आकडा तुम्ही बरोबर वाचलात, पण तो या क्षणाचा आहे. भाव हलला की तोही हलतो. किती हलतो ते गॅमा सांगतो, आणि तुमच्या हिशेबात गॅमा कुठेच नाही.

तुमचेच आकडे घेऊ. व्याज आणि लाभांश सोडून दिले तर ३४.३० हा प्रीमियम वार्षिक ३० टक्के इम्प्लाइड व्होलॅटिलिटीचा आहे, म्हणजे शेअर इतका वरखाली होईल असं बाजाराने त्यात धरलंय. त्या हिशेबाने गॅमा येतो साधारण ०.००४६. म्हणजे भाव एकाने वाढला की डेल्टा ०.००४६ ने वाढतो. १,००० शेअर्सच्या पोझिशनवर याचा अर्थ असा की भावाच्या प्रत्येक एका पावलाला तुमच्याकडे साडेचार-पाच शेअर्स कमी पडतात किंवा जास्त होतात.

आता समजा पहिल्याच दिवशी भाव १,०३० झाला. कॉल ३४.३० वरून ५१.८५ वर जातो, म्हणजे विकलेल्या कॉलवर १७,५५० तोटा. ५१७ शेअर्सवर फायदा १५,५१०. हेज असूनही २,०४० गेले. शिवाय डेल्टा आता ०.६५ झालाय. पुन्हा तटस्थ व्हायचं तर १३३ शेअर्स आणखी घ्यावे लागतील, तेही १,०३० ला. तुम्ही ते घेतलेत आणि त्याच दिवशी भाव परत १,००० वर आला, तर कॉलवर १७,५५० परत मिळतात, पण ६५० शेअर्सवर १९,५०० जातात. आणखी १,९५० चा फटका. आता ते १३३ शेअर्स १,००० ला विकून टाकायचे.

भाव जिथे होता तिथेच आहे, कॉलही ३४.३० वर आहे, आणि तुमचे ३,९९० गेलेत. १३३ शेअर्स ३० ने महाग घेऊन स्वस्तात विकले, त्याचाच हा आकडा आहे. कॉल विकणाऱ्याचं हेजिंग नेहमी असंच चालतं: चढल्यावर घ्यायचं, पडल्यावर विकायचं. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. शॉर्ट गॅमाचा, म्हणजे ऑप्शन विकलेल्या पोझिशनचा, स्वभावच तो आहे.

मग प्रीमियम कशासाठी मिळतो? या वरखालीच्या खर्चासाठीच. भाव स्थिर राहिला तर तुमच्या पोझिशनला थीटातून, म्हणजे दिवस सरतील तसा कॉल स्वस्त होतो त्यातून, दिवसाला सुमारे ५७० मिळतात. गॅमाचा खर्च मात्र हालचालीच्या वर्गाने वाढतो: गॅमा गुणिले हालचालीचा वर्ग, भागिले दोन, आणि त्याला शेअर्सच्या संख्येने गुणायचं. दिवसभरातली हालचाल साधारण १६ ची असेल तर थीटा आणि गॅमा एकमेकांना खाऊन टाकतात. ८ ची असेल तर खर्च जेमतेम १५०, बाकीचे तुमचे. ३० ची असेल तर खर्च दोन हजारांच्या वर. म्हणजे ‘भाव कुठेही जावो’ हा तुमचा सौदा नाहीच. तुमचा सौदा असा आहे की पुढचे ३० दिवस शेअर ३० टक्के व्होलॅटिलिटीपेक्षा कमी हलेल. हे मत तुमच्याकडे असेल आणि त्याला काही आधार असेल, तरच पुढचा विचार करायचा. तुमच्या प्रश्नात मला ते मत दिसलं नाही.

पैशांचंही पाहू. सुरुवातीचे ५१७ शेअर्स ५,१७,००० चे. भाव १,०३० झाल्यावरचे १३३ शेअर्स १,३६,९९० चे. बेरीज ६,५३,९९०. तुमचे सहा लाख आणि मिळालेला प्रीमियम धरून ६,३४,३०० होतात. म्हणजे तीन टक्क्यांच्या चढात पैसे संपले, आणि विकलेल्या कॉलचं मार्जिन मी अजून धरलेलंच नाही. शेअर्सऐवजी फ्युचर्स वापरले तर भांडवल कमी लागतं, पण मग मार्क टू मार्केटचा तोटा रोजच्या रोज रोख भरावा लागतो. हेज करणाऱ्याचे पैसे नेमके चढत्या बाजारात संपतात, आणि नेमकी तेव्हाच त्याला खरेदी करायची असते.

रात्रीतून उडी आली तर मध्ये हेज बदलायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी शेअर थेट १,१०० ला उघडला तर कॉल १०६ च्या आसपास असेल. ५१७ शेअर्सचा ५१,७०० फायदा धरूनही जवळपास वीस हजारांचा तोटा होतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रीमियम एका सकाळी गेला. कंपनीचे निकाल त्या ३० दिवसांत असतील तर ही गोष्ट आधी तपासा.

शेवटच्या दिवसांबद्दल जरा सावध करतो, कारण मी स्वतः तिथे पोळलोय. आज भाव ९९० वरून १,०१० वर गेला तर डेल्टा ०.४७ वरून ०.५६ वर जाईल. ९० च्या आसपास शेअर्सची हालचाल. एक्स्पायरीला दोन दिवस उरलेले असताना तोच प्रवास ०.३३ ते ०.६८ असा होतो, म्हणजे ३५० शेअर्स. माझ्या शेअरचा भाव स्ट्राइकभोवती घुटमळत होता आणि मी दर तासाला घेत-विकत बसलो होतो. महिन्याभराचा थीटा त्या दोन दिवसांत आणि ब्रोकरेजमध्ये संपला. भाव स्ट्राइकजवळ असेल तर शेवटच्या आठवड्यात कॉल परत विकत घेऊन मोकळं व्हावं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

तरीही करायचंच असेल तर नुसत्या शेअर्सवर विसंबू नका. शेअरचा गॅमा शून्य असतो, त्यामुळे शेअर्स कितीही घेतले तरी गॅमा तसाच राहतो. तो कमी करायला दुसरा ऑप्शनच विकत घ्यावा लागतो. याच एक्स्पायरीचा १,०५० चा कॉल, व्होलॅटिलिटी तीच धरली तर, १५.७० च्या आसपास मिळेल. त्याचा डेल्टा ०.३० आणि गॅमा ०.००४०. दोन्ही मिळून तुमचा उरलेला गॅमा ०.०००६ होतो, आणि हेजला ५१७ ऐवजी २१७ शेअर्स पुरतात. हातात प्रीमियम राहतो १८,६००. हेज अजिबात केला नाही तरी या जोडीचा जास्तीत जास्त तोटा ३१,४०० वर थांबतो. भाव स्ट्राइकपासून लांब गेला की दोन गॅमांचा मेळ बिघडतो, हे मात्र लक्षात ठेवा.

शेअर्सची संख्या घड्याळ बघून बदलू नका. तटस्थ आकड्यापासून ५० शेअर्सचा फरक पडला की बदला, त्याआधी नाही. वहीत रोज तीन आकडे लिहा: त्या दिवशीचा थीटा, हेजच्या खरेदी-विक्रीतला तोटा आणि ब्रोकरेज. दहा दिवसांनी मागच्या दोन आकड्यांची बेरीज पहिल्याच्या पुढे गेलेली दिसली, तर शेअरची हालचाल आणि ब्रोकरेज मिळून तुमच्या थीटापेक्षा जास्त खातायत, आणि तिथे कॉल परत घ्यायचा. पहिले दोन महिने हे सगळं पैसे न लावता कागदावर करा. सहा लाख तोपर्यंत आहेत तिथेच राहू द्या.