११ बाय १५ च्या खोलीवर मडक्यांचा स्लॅब

प्रश्न: जळगावजवळ गावी ११ बाय १५ फुटांची एक खोली बांधतोय. स्लॅबमध्ये मडकी नाहीतर पोकळ ब्लॉक टाकले तर काँक्रीट वाचतं आणि खोली थंड राहते असं ऐकलं. खरंच किती फरक पडतो? आपल्याकडचा गवंडी हे करू शकेल का?

भाऊ, गवंडी करू शकेल, पण तुम्ही दोन दिवस साइटवरून हलायचं नाही. फरक पडतो, मात्र लोक सांगतात तेवढा नाही. अगदी तुमच्याच मापाची खोली मी पाचोऱ्याकडच्या एका शेतघरावर केली आहे, म्हणून हिशोबासकट सांगतो.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या. स्लॅबवर वजन आलं की तो मधोमध खाली वाकायला बघतो. वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट घेतं, ताण आत घातलेली लोखंडी आसारी घेते. खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट मुख्यतः आसारीला धरून ठेवण्याचं आणि तिला गंजापासून जपण्याचं काम करतं. म्हणून आसारीच्या दोन ओळींमधल्या चौकोनात काँक्रीटऐवजी हलकं, स्वस्त काहीतरी बसवलं तरी चालतं. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी जुनी मंगलोरी कौलं घालून हीच पद्धत रुजवली. कौल असो, मडकं असो की पोकळ ब्लॉक, तत्त्व एकच.

आता काँक्रीटचा हिशोब. मधली आसारी फुटाफुटावर ठेवली (मुख्य आसारीतलं अंतर ३०० मिमीच्या पुढे नेता येत नाही, त्यामुळे एक फूट हीच सोयीची जाळी) आणि भिंतीलगत चारही बाजूंनी एक फूट पट्टा भरीव सोडला, तर तुमच्या खोलीत ९ गुणिले १३, म्हणजे ११७ मडकी बसतात. तोंडाशी ८ इंच, बुडाशी ६ इंच आणि उंची साडेतीन इंचांच्या आत असलेलं मडकं साधारण २ लिटर जागा घेतं. ११७ मडकी म्हणजे २४० लिटर. साडेपाच इंची भरीव स्लॅबला २,१४० लिटर काँक्रीट लागतं, म्हणजे बचत झाली ११ टक्के. सिमेंटच्या भाषेत, दोन गोण्यांच्या आत.

माझी चूक इथेच झाली. खोलीचा स्लॅब खरं तर ५ इंची ठरला होता. कुंभारदादांना मी तोंडाचं माप दिलं आणि उंची नुसती हाताने दाखवली. मडकी सव्वातीन ते साडेतीन इंचांची आली. मडक्यावर किमान २ इंच काँक्रीट हवंच, त्यामुळे स्लॅब साडेपाच इंचांवर न्यावा लागला. ५ इंची साध्या स्लॅबला १,९५० लिटर लागलं असतं. मडक्यांच्या साडेपाच इंचीला हिशोबाने १,९०० लिटर लागलं. ११७ मडकी घडवून, भाजून, गाडीतून आणून वाचलं काय, तर ५० लिटर. तेव्हा मापाची पट्टी स्वतः घेऊन जा. ५ इंची स्लॅबसाठी मडकं झाकणासकट ३ इंचांच्या वर जाता कामा नये. अशा बुटक्या, पसरट मडक्याला आपल्याकडे परळासारखं म्हटलं की कुंभाराच्या लगेच लक्षात येतं. तेवढं पाळलंत तर ५ इंची स्लॅबमध्येही १० टक्क्यांच्या आसपास बचत राहते.

पोकळ ब्लॉक इथे पुढे जातो, आणि कारण साधं आहे: गोल वस्तू चौकोनात ठेवली की कोपरे काँक्रीटने भरतात, शिवाय मडकं बुडाकडे निमुळतं. त्याच फुटाच्या जाळीत, त्याच उंचीचा ८ इंची चौकोनी पोकळ ब्लॉक साडेतीन लिटरच्या आसपास जागा घेतो. म्हणजे साडेपाच इंची स्लॅबमध्ये बचत १९ टक्क्यांपर्यंत जाते. फक्त त्याची उघडी तोंडं आदल्या दिवशी मसाल्याने बंद करावी लागतात, नाहीतर माल आत शिरतो आणि सगळंच फुकट जातं. नुसता पैसा वाचवायचा असेल तर मी ब्लॉकच घ्या म्हणेन. गावातला कुंभार ओळखीचा असेल, मडकी जवळ मिळत असतील आणि खालून गोल ठशांचं छत उघडं ठेवायला आवडत असेल, तर मडकी घ्या.

उष्णतेचं बोलू. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि रात्री नऊला स्लॅबखाली बसवत नाही. मडक्यातली कोंडलेली हवा उष्णता अडवते हे खरं. पण उष्णता मडक्यातून जाईलच कशाला, बाजूच्या भरीव काँक्रीटच्या पट्ट्यांतून सरळ खाली येते. ८ इंची गोल मडकं एक फुटाच्या चौकोनाचा जेमतेम ३५ टक्के भाग झाकतं. माझ्या अंदाजाने सगळ्या छतातून येणारी उष्णता त्यामुळे दहा-बारा टक्के कमी होते, चौकोनी ब्लॉकमध्ये थोडी जास्त. शेतघरावर मी उन्हाळ्यात रात्री स्टुलावर चढून छताला तळहात लावून पाहिला. मडक्याखाली कोमट लागतं आणि दोन मडक्यांच्या मधल्या पट्टीला हात लावला की चटका जाणवतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत दुपारी गार वाटायचं ते फूटभर मातीमुळे. ५ इंचांत ३ इंच हवा कोंडून ते मिळत नाही. म्हणून मडक्यांवर थांबू नका. ढाळ आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवा, नाहीतर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या. ऊन वरच परतवलं तर मडक्यांच्या त्या थोड्या मदतीला अर्थ येतो. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर पांढरी गच्ची निवडा.

आता काम कसं करायचं. मडकी १३० आणा, १०-१२ फुटतातच. प्रत्येक मडकं बोटाने वाजवून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे. चार-पाच मडकी जमिनीवर पालथी ठेवून वर माणूस उभा करा, कारण स्लॅबच्या दिवशी मजुराचा पाय पडणारच. कुंभाराकडून तोंडाला चपटं झाकण करून घ्या आणि ते सिमेंट मसाल्याने दोन दिवस आधी चिकटवा. मग मडकी पाण्यात भिजवा आणि माल टाकताना ओलसर असू द्या. कोरडं मडकं काँक्रीटचं पाणी ओढतं. मग त्याच्याभोवती केसासारख्या भेगा उमटतात.

झाकणाचा आग्रह का, तर पाचोऱ्याला मी ते लावलं नव्हतं. मडकी नुसती सेंट्रिंगच्या प्लेटांवर पालथी ठेवली होती. व्हायब्रेटर लागला तशी सिमेंटची लापशी कडेखालून आत शिरली. २ लिटरचं मडकं जवळपास ५ किलो काँक्रीट बाजूला सारतं आणि स्वतः किलोभराचंच असतं, त्यामुळे खाली लापशी गेली की ते तरंगायला लागतं. नऊ-दहा मडकी उचलली आणि सरकली. एका ठिकाणी मधली पट्टी ४ इंचांची दीड इंच झाली. प्लेटा काढल्यावर तिथे आसारी उघडी दिसत होती आणि ती नंतर दुरुस्त करावी लागली. बाकीची मडकी खालून काठीने ठोकून पाहिली. पोकळ मडकं ढोलासारखं घुमतं, भरलेलं ठप्प वाजतं. बरीच ठप्प वाजली. तुमच्याकडेही प्लेटा काढल्यावर हीच चाचणी करा आणि भरलेल्या मडक्यांवर खडूने खूण करा, म्हणजे पुढच्या खोलीला काय चुकतंय ते कळेल.

त्यानंतरच्या कामात तीन गोष्टी बदलल्या आणि मडकं हललं नाही. मडकं झाकण खाली करून प्लेटवर पातळ मसाल्यात टेकवलं. दोन्ही बाजूंच्या आसारीला बाइंडिंग तारेने आडवं बांधलं. आणि माल दोन टप्प्यांत टाकला: आधी १२ मिमी खडीच्या मालाने फक्त पट्ट्या मडक्याच्या खांद्यापर्यंत भरल्या, सळईने खोचल्या, मग अर्ध्या तासाच्या आत वरचा २ इंचांचा थर टाकला. व्हायब्रेटरची सुई बारीक घ्या आणि ती पट्टीतच फिरवा, मडक्याला टेकवू नका. मजुरांना चालायला फळ्या टाका. स्लॅब पहाटे सुरू करा आणि जमल्यास एप्रिल-मे टाळा. मग गच्चीवर आळी करून दोन आठवडे पाणी उभं ठेवा.

आसारीचा हिशोब गावातल्या इंजिनियरकडून कागदावर घ्या. भरीव स्लॅबला जिथे ६ इंचांवर ८ मिमीची एक आसारी असते, तिथे या जाळीत दर पट्टीत दोन येतात, म्हणजे आसारी वाचत नाही. उलट वरच्या थरात भेगा पडू नयेत म्हणून ६ मिमीची हलकी जाळी घालावी लागते.

छज्जा, बाल्कनी, जिन्याचा स्लॅब यांत मडकं अजिबात घालू नका. छज्जा बाहेर लटकलेला असतो, त्यात ताण वरच्या बाजूला आणि दाब खाली असतो. म्हणजे मडकं नेमकं कामाचं काँक्रीट काढून टाकतं. मधल्या भिंतीवरून स्लॅब सलग पुढच्या खोलीवर जात असेल तर त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनाही भरीव पट्टा हवा, तो किती ते इंजिनियर सांगेल. पंख्याचा हूक पट्टीत घ्या. पाण्याची टाकी भिंतीवर टेकवा, स्लॅबच्या मध्यावर नको. पुढेमागे वर खोली चढवणार असाल तर ते आत्ताच इंजिनियरला सांगा.

संडास-बाथरूमवर मी मडकी घालत नाही. एखादं तडकलेलं मडकं गळतीचं पाणी धरून ठेवतं, वरून गळती बंद केली तरी आठवडेच्या आठवडे खाली थेंब पडत राहतात आणि पाणी कुठून आलं ते सापडत नाही. खोलीच्या छतातही पावसाळ्यानंतर एकाच मडक्याखाली ओल दिसत राहिली तर झाकणाला ६ मिमीचं एक भोक पाडा. पाणी खाली निघून गेलं की ते भोक उघडंच ठेवा आणि पुढच्या पावसात तिथून पुन्हा थेंब येतो का ते बघा. आला तर वरचं वॉटरप्रूफिंग त्याच चौकोनाच्या आसपास फुटलेलं असतं, शोध तिथूनच सुरू करा.