क्लीन बूटमध्ये गेम चालतो, मग नडतंय कोण? अर्ध्या-अर्ध्याने शोधायची रीत

प्रश्न: क्लीन बूट केल्यावर गेम दोन तास न पडता चालला. एरवी पंधरा-वीस मिनिटांत बंद होऊन डेस्कटॉप दिसतो. मागे चालणारं काहीतरी नडतंय एवढं कळलं, पण सर्व्हिसेस आणि स्टार्टअप मिळून तेवीस ओळी बंद केल्यात. एकेक चालू करून बघायचं तर आठवडा जाईल, आणि मला कॉलेजचं सबमिशन आहे. अर्ध्या-अर्ध्या चालू करायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

सगळ्यात आधी एक खात्री करून घे. `msconfig` मध्ये `Services` टॅबवर `Disable all` दाबण्याआधी `Hide all Microsoft services` वर टिक केली होतीस ना? नसशील, तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसही बंद झाल्या असतील. मग वायफाय नाही, आवाज नाही, काही वेळा पिन टाकून लॉगिनसुद्धा होत नाही. टिक केली होती असं धरून पुढे लिहितो.

आता वही घे आणि त्या तेवीस ओळी उतरवून काढ. फोनने फोटो काढलास तरी चालेल, पण उतरवताना डोक्यात जुळणी होते म्हणून मी वहीच घेतो. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन-तीन ओळी असतात. एक सर्व्हिस, एक तिची अपडेट करणारी बहीण, आणि एक घड्याळाजवळ बसणारं आयकॉन, जे टास्क मॅनेजरच्या `Startup apps` मध्ये दिसतं (विंडोज १० मध्ये त्या टॅबचं नाव नुसतं `Startup`). या सगळ्यांचा एक गठ्ठा कर. गठ्ठा फोडायचा नाही, चालू तर पूर्ण चालू, बंद तर पूर्ण बंद. बरेच जण सर्व्हिसेस एका अर्ध्यात आणि स्टार्टअप दुसऱ्या अर्ध्यात टाकतात आणि तिथेच फसतात. आयकॉन सुरू होतं, त्याला आपली सर्व्हिस सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा हाका मारत बसतं, आणि नसलेलाच नवा घोळ तयार होतो. माझ्या भाच्याच्या मशीनवर एकवीस ओळी होत्या. गठ्ठे केले तर निघाले बारा.

बारा गठ्ठे म्हणजे साधं प्रकरण असेल तर चार फेऱ्यांत उत्तर. सहा चालू, सहा बंद, `Restart`, गेम. बिघडला तर गुन्हेगार चालू असलेल्या सहांत. नीट चालला तर ते सहा सुटले, गुन्हेगार उरलेल्या सहांत. मग त्या संशयित सहांतले तीनच चालू करायचे, आणि असंच पुढे.

फेरीचा निकाल कधी लावायचा हे मात्र नीट ठरव, कारण बहुतेकांचा शोध इथे चुकतो. गेम पडला तर प्रश्नच नाही, एकदा पडला की ती फेरी «खराब». पण «चांगली» म्हणायला वेळ द्यावा लागतो. तुझा गेम पंधरा-वीस मिनिटांत पडतो. समज, तो सरासरी वीस मिनिटांनी पण कधीही पडू शकतो. तर दोष शिल्लक असतानाही वीस मिनिटं निभावून नेण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे. तासभर निभावण्याची मात्र विसात एक. म्हणून नेहमीच्या पडण्याच्या वेळेच्या तिप्पट खेळून मगच त्या अर्ध्याला सोडायचं. खेळतानाही तोच मॅप, तीच सेटिंग्ज. एका फेरीत ऑनलाइन आणि दुसऱ्या फेरीत एकट्याने खेळलास तर तुलना कशाची करणार?

आणि `Shut down` करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनला विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. तुझे बदल मग कागदावरच राहतात. दर वेळी `Restart`. शोध संपेपर्यंत अपडेटही आठवडाभर `Pause` करून ठेव. आमच्याकडे नेमकं चौथ्या फेरीच्या आधी अपडेट बसायला निघालं होतं, भाच्याने उडी मारून थांबवलं.

आता भाच्याचंच प्रकरण सांगतो, कारण ते साधं निघालं नाही आणि तुझंही तसं निघू शकतं. इंदूरला रामबागेत आमचं घर, तो रविवारी सकाळी पोहे आटोपून मशीन उचलून आला. गाड्यांच्या शर्यतीचा गेम, पडत नव्हता, पण दर दोन-तीन सेकंदांनी गचका खायचा. वळणावर गचका आला की गाडी भिंतीत. ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोनदा टाकून झाला होता, रॅमही काढून बसवली होती. क्लीन बूटमध्ये गेम लोण्यासारखा. गचके पाच मिनिटांत सुरू व्हायचे, म्हणून आम्ही दर फेरीला पंधरा मिनिटं धरली.

पहिला अर्धा, त्याला «अ» म्हणू, सहाही गठ्ठे चालू. गेम चांगला. म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात, «ब» मध्ये असणार. «अ» बंद, «ब» चालू. गेम पुन्हा चांगला! भाचा म्हणाला, मामा, रोग बरा झाला. मी म्हटलं, थांब, दोन्ही चालू कर. केलं, आणि गचके परत हजर.

ही स्थिती आली की गोंधळून जाऊ नकोस. अर्थ इतकाच, की एकटा कोणीच दोषी नाही. «अ» मधला एक आणि «ब» मधला एक एकत्र आले की भांडण होतं. अशा वेळी नुसतं अर्ध-अर्ध करत गेलास तर हाती काहीच लागत नाही, कारण जोडीदारच वेगळे होत राहतात. युक्ती अशी की एक अर्धा पूर्ण चालू ठेवायचा आणि दुसऱ्याचेच तुकडे पाडायचे. आम्ही «अ» चे सहाही चालू ठेवले आणि «ब» मधले तीन जोडले. गचके. त्या तिघांतला एकच ठेवला, चांगलं. तो काढून दुसरा ठेवला, गचके. «ब» मधला माणूस सापडला. तापमान आणि पंख्याचा वेग दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर होतं.

मग उलट बाजू. «ब» मधलं ते एकटं चालू, बाकी «ब» बंद, आणि आता «अ» चे तुकडे. तीन जोडले, चांगलं. उरलेल्या तिघांतला एक, चांगलं. दुसरा, गचके. हा निघाला कॅबिनेटमधले रंगीत दिवे चालवणारा गठ्ठा. एकूण नऊ रीस्टार्ट, दुपारचा चहा धरून साडेतीन तास.

कारण मागून लक्षात आलं. मदरबोर्डवर तापमान मोजणाऱ्या चिप्स आणि रॅमवरचे दिवे यांच्याशी बोलायला एक संथ, सामाईक वाट असते, तिला एसएमबस म्हणतात. एका वेळी एकानेच बोलावं अशी ती वाट. तापमानवाला दर दोन सेकंदांनी विचारायला जायचा, दिवेवाला सतत रंग बदलायला, आणि दोघं एकमेकांची पाळी पाळत नव्हते. वाट अडली की मशीन क्षणभर खोळंबायचं आणि तो क्षण गेममध्ये गचका होऊन दिसायचा. दोन्ही सॉफ्टवेअर एकेकटी सज्जन.

सापडलेल्याची खात्री केल्याशिवाय वही मिटायची नाही. सगळं चालू आणि फक्त संशयित बंद, अशी एक फेरी. गेम चांगला चालायला हवा. मग संशयित पुन्हा चालू, गेम बिघडायला हवा. दोन्ही झालं तरच पक्कं. नाहीतर योगायोगाने कुणा निरपराध्याला काढून टाकशील आणि पंधरा दिवसांनी गेम परत पडायला लागेल.

काही फेऱ्या फसव्या निघतात, त्या ओळखायला शीक. गेम उघडलाच नाही आणि गेम खेळताना पडला, हे दोन वेगळे निकाल आहेत. `msconfig` मध्ये टिक काढली की ती सर्व्हिस `Disabled` होते, मग गरज पडली तरी गेमला ती सुरू करता येत नाही. म्हणून चीटिंग रोखणाऱ्या सॉफ्टवेअरची सर्व्हिस बंद केली की गेम दारातूनच परत पाठवतो. व्हॅलोरंटची `vgc` हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तशी सर्व्हिस पहिल्यापासून चालूच ठेवायची. तुझा गेम क्लीन बूटमध्ये दोन तास चालला, म्हणजे जे काही त्या वेळी चालू होतं ते एकेकटं तरी निर्दोष आहे.

दुसरं म्हणजे बंद केलेलं खरंच बंद आहे का ते दर फेरीला टास्क मॅनेजरच्या `Processes` मध्ये बघ. काही गेम लाँचर उघडले की स्वतःला पुन्हा स्टार्टअपमध्ये घालून घेतात. काही सॉफ्टवेअर तर स्टार्टअपच्या यादीत नसतातच, ती टास्क शेड्यूलरमधून उठतात. `taskschd.msc` उघडून `Task Scheduler Library` मध्ये ओळखीची नावं दिसतात का पाहा, दिसली तर तीही त्याच गठ्ठ्यात धर. स्क्रीनवर फ्रेमचा आकडा दाखवणारी मंडळी बरेचदा इथेच लपलेली असतात.

आणि एक मर्यादा, तुला लागू नाही पण हे वाचणाऱ्या इतरांना असेल. क्लीन बूटमध्ये ड्रायव्हर चालूच राहतात. त्यामुळे क्लीन बूट करूनही गेम पडत असेल तर «सॉफ्टवेअरचा दोष नाही» असं ठरत नाही. सेफ मोडचा इथे उपयोग नाही, कारण तिथे ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हरच नसतो, गेम कसा चालणार?

फेऱ्या सुरू करण्याआधी पाच मिनिटं खर्चून हे बघ, कदाचित अर्धं काम वाचेल. `Win+R` दाबून हे टाक:

```
perfmon /rel
```

गेम पडला त्या दिवसावर लाल फुली असेल. तिच्या तपशिलात `Fault Module Name` समोर काय लिहिलंय ते वाच. तिथे गेमचं किंवा विंडोजचं नाव न येता दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरची `.dll` फाइल दिसली, तर पहिल्या फेरीत अर्ध्याऐवजी त्याचाच गठ्ठा एकटा चालू करून बघ. `ntdll.dll` दिसली तर मात्र त्यावरून काही ठरवू नकोस, ती जवळपास कुणाच्याही पडण्यात दिसते.

काम झालं की `msconfig` च्या `General` टॅबवर `Normal startup` निवड. त्याने सगळ्या सर्व्हिसेस चालू होतात, तू पूर्वी मुद्दाम बंद ठेवलेल्यासुद्धा, तेव्हा वहीशी ताडून बघ. `Startup apps` मधल्या ओळी मात्र तिथून परत येत नाहीत, त्या एकेक `Enable` कराव्या लागतात. भाच्याने दिव्यांचं सॉफ्टवेअर ठेवलं आणि तापमानवाल्याला स्टार्टअपमधून काढलं. लागेल तेव्हा हाताने उघडतो, आणि शर्यत लावायच्या आधी बंद करतो.