दुकानदाराला पत्र लिहिताना

प्रिय,

शॉर्ट फिल्मसाठी दुकानदारांकडे मदत मागणाऱ्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. पहिले दोन परिच्छेद सिनेमाच्या आवडीवर आणि समाजप्रबोधनावर गेलेत, आणि मागणी शेवटच्या ओळीत 'यथाशक्ती सहकार्य करावे' अशी येऊन संपते. दुकानदार हे पत्र गल्ल्यावर उभ्याउभ्या वाचणार, मध्येच दोन गिऱ्हाइकं येणार. 'यथाशक्ती' म्हणजे किती, हे त्यानं ठरवायचं? तो 'नंतर बघू' म्हणेल आणि पत्र ड्रॉवरमध्ये जाईल.

सगळं बजेट त्याच्यासमोर ठेवू नकोस. त्याचे तुकडे कर: एका दिवसाचं लाइटचं भाडं, सामान नेण्याचा टेम्पो, टीमचं दोन दिवसांचं जेवण. एका दुकानाकडे एकच तुकडा मागायचा, आणि शक्यतो त्याच्या धंद्याला जवळचा. तुझ्या गोष्टीत आजीचा चष्मा हरवतो, तेव्हा चष्म्याच्या दुकानात पैशांआधी वस्तू माग. पत्राची सुरुवात अशी होऊ शकेल:

'आम्ही आठ विद्यार्थी बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म करत आहोत. तिच्यात आजीचा चष्मा हरवतो. शूटिंगच्या दोन दिवसांसाठी आपल्याकडील पाच जुन्या फ्रेम्स वापरायला मिळाव्यात आणि एका दिवसाच्या लाइटचं भाडं आपण द्यावं, ही विनंती. फ्रेम्स तिसऱ्या दिवशी परत करू. एखादी मोडली तर भरून देऊ.'

मोबदल्यात तू 'हजारो प्रेक्षकांपर्यंत जाहिरात' कबूल केली आहेस. ती ओळ काढ. प्रेक्षक किती येतील हे तुझ्या हातात नाही. श्रेयनामावलीत दुकानाचं नाव, कॉलेजमधल्या फिल्मच्या खेळाच्या पोस्टरवर लोगो, दोन पास एवढं हातात आहे, तेवढंच लिही. दुकानाची पाटी गोष्टीत दाखवण्याचं वचन तर मुळीच नको. काही स्पर्धांना फिल्ममधली जाहिरात चालत नाही, नियम आधी वाच.

नावाबाबत मात्र जपून. आमच्या पहिल्या फिल्ममध्ये पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो पाहून नाव टाइप केलं आणि एक वेलांटी चुकली. फिल्म यूट्यूबवर चढली होती; तिथे त्याच लिंकवर नवी फाइल बदलून टाकता येत नाही. नव्यानं अपलोड केली, जुनी लिंक वाटून झालेली. मालक काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी पैसेही दिले नाहीत. म्हणून नाव कसं लिहायचं ते मालकाकडून कागदावर लिहून घे आणि लोगोची मूळ फाइल माग.

पत्र एका पानाचं, कॉलेजच्या लेटरहेडवर, मार्गदर्शक शिक्षकांच्या सहीचं असू दे. रक्कम कॉलेजच्या खात्यात येईल आणि पावती मिळेल, हेही लिही. तुझ्या वैयक्तिक खात्याचा नंबर पाहिला की माणूस बिचकतो. गर्दी नसेल तेव्हा जाऊन मालकाच्याच हातात दे. तीन-चार दिवसांनी पुन्हा चक्कर मार.

नवा मसुदा पाठव, आधी फक्त चष्मेवाल्यांचा.

तुझा,
दादा